मशीन कंपनीचं, दुकान माझं, मग करार कोणाशी?

प्रश्न: नागपुरात महालात माझा घरगुती धंदा आहे, संत्रा बर्फी आणि सावजी मसाले. एका कंपनीने दोन दिवसांत कार्ड मशीन दिलं. बँकेत मी गेलेच नाही, कुठे सही केली नाही, गुमास्ताही कोणी मागितला नाही. ग्राहकाच्या स्टेटमेंटवर माझ्या नावाआधी कंपनीचं नाव येतं. हे कायदेशीर आहे का? बँकेशी करार नसताना माझे पैसे नेमके कोणाच्या खात्यात जातात, आणि उद्या कंपनीने अडवले तर?

उत्तर:

ताई, कायदेशीर आहे, फक्त तुमची कंपनी रिझर्व्ह बँकेच्या मान्यतेने हे काम करत असली पाहिजे. ते कसं तपासायचं ते पुढे सांगतो. मी आधी एका बँकेच्या नागपूर शाखेत मर्चंट विभागात होतो. दुकानदारांच्या फाईली तपासून ‘मशीन द्यायचं की नाही’ हे ठरवण्याचं काम. नंतर तुमच्यासारख्यांना मशीन देणाऱ्या कंपनीच्या बाजूला गेलो आणि तिथे रिस्क बघितली. त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजूंनी हा व्यवहार पाहिला आहे.

कार्ड घासलं की दुकानदाराशिवाय त्यात चार जण असतात. ग्राहक, त्याला कार्ड देणारी बँक, मधलं नेटवर्क (व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपे), आणि दुकानदाराच्या बाजूची बँक. या शेवटच्या बँकेला धंद्यात अ‍ॅक्वायरर म्हणतात. नेटवर्क दुकानदाराला ओळखत नाही, ते फक्त अ‍ॅक्वायररला ओळखतं. दुकानदाराने घोळ केला, माल दिला नाही, दुकान बंद करून पळाला, तर ग्राहकाचे पैसे अ‍ॅक्वायररच्या खिशातून जातात. म्हणून बँक दुकानदाराला पारखून घेते. आमच्या काळात चालू खातं, गुमास्ता, दोन-तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं, दुकानाच्या जागेचा कागद, एवढं सगळं जमलं तर फाईल पुढे जायची. महिन्याला पंधरा-वीस हजारांचा कार्डचा धंदा करणाऱ्या माणसासाठी एवढी छाननी करणं बँकेला परवडत नाही. फाईल तपासायला जाणारा वेळ आणि मशीनचा खर्च त्याच्या कमिशनमधून वर्षभरात निघत नाही. त्यामुळे अशी फाईल टेबलावर आली की आम्ही ‘कागद अपुरे’ म्हणून परत करायचो. खरं कारण कागद नसायचं.

ही पोकळी जी कंपनी भरते तिला जगभर ‘पेमेंट फॅसिलिटेटर’ म्हणतात. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेच्या भाषेत ती ‘पेमेंट अ‍ॅग्रिगेटर’. दोन्ही शब्द तंतोतंत एक नाहीत, पण तुमच्या कामापुरते एकच धरा. कंपनी स्वतः एका अ‍ॅक्वायरर बँकेशी मोठा करार करते. बँक कंपनीला पारखते, तिची मालमत्ता बघते, नेटवर्ककडे तिची नोंद करते. मग कंपनी त्या एका कराराच्या छत्राखाली तुमच्यासारखे हजारो छोटे विक्रेते घेते. तुम्ही तिथे ‘उप-व्यापारी’ असता, धंद्यातला शब्द सब-मर्चंट. तुमचा करार कंपनीशी, कंपनीचा बँकेशी. तुम्ही म्हणता कुठे सही केली नाही, पण केली आहे. मशीन सुरू करताना मोबाईलवर आलेला ओटीपी तुम्ही टाकलात ना, तीच सही. त्या दिवशी आलेल्या मेलमध्ये किंवा अ‍ॅपमध्ये कराराची पीडीएफ सापडेल. आज ती शोधून मोबाईलमध्ये वेगळी जपून ठेवा.

कळमना मार्केट तुम्हाला माहीत आहे. काटोलचा शेतकरी संत्री घेऊन येतो, दुसऱ्या राज्यातला व्यापारी ती घेतो. दोघं एकमेकांना ओळखत नाहीत. मध्ये अडत्या असतो, ज्याच्याकडे बाजार समितीचा परवाना आहे. व्यापारी अडत्याच्या भरवशावर माल उचलतो, आणि शेतकरीही अडत्याच्या भरवशावर तो सोडतो. शेतकऱ्याला स्वतःचा परवाना लागत नाही. तुमची कंपनी म्हणजे हा अडत्या. ती तुम्हाला बँकेचं खातं देत नाही. ती बँकेपुढे तुमच्यासाठी जामीन राहते. तुम्हाला आवडणाऱ्या आणि न आवडणाऱ्या जवळजवळ सगळ्या गोष्टी या जामिनकीतून निघतात. दोन दिवसांत मशीन मिळालं ते त्यामुळेच, आणि उद्या पैसे अडले तर तेही त्यामुळेच.

एका ठिकाणी मात्र ही तुलना लागू पडत नाही. अडत्या आलेले पैसे स्वतःच्या गल्ल्यात टाकू शकतो. कंपनीला ती मुभा नाही. रिझर्व्ह बँकेने 17 मार्च 2020 ला पेमेंट अ‍ॅग्रिगेटरांसाठी नियम काढले, त्यात व्यापाऱ्यांचे पैसे शेड्यूल्ड बँकेतल्या वेगळ्या एस्क्रो खात्यात ठेवणं बंधनकारक केलं. त्या खात्यातून कंपनीला स्वतःचा पगार, जाहिरात, ऑफिसचं भाडं भागवता येत नाही. ठरलेलं कमिशन तेवढं ती बाहेर काढू शकते. परवाना मागताना कंपनीची निव्वळ मालमत्ता 15 कोटी असावी लागते आणि तिसऱ्या आर्थिक वर्षाअखेर 25 कोटी. ते नियम मुख्यतः ऑनलाईन धंद्यासाठी होते. सप्टेंबर 2025 मध्ये आलेल्या नव्या निर्देशांनी दुकानात मशीन ठेवणाऱ्या कंपन्याही त्याच चौकटीत आणल्या. तुमची कंपनी यात कुठे बसते ते रिझर्व्ह बँकेच्या वेबसाईटवरच्या पेमेंट अ‍ॅग्रिगेटरांच्या यादीत बघा. यादीत मान्यता मिळालेल्या, अर्ज विचाराधीन असलेल्या आणि अर्ज परत केलेल्या कंपन्या वेगवेगळ्या दिल्या आहेत. मशीनवरचं ब्रँडचं नाव आणि यादीतलं कंपनीचं नोंदणीकृत नाव बरेचदा वेगळं असतं, म्हणून करारातल्या पहिल्या ओळीतलं नाव घेऊन शोधा.

आता तुमचे पैसे कुठून कुठे जातात ते पाहू. समजा शुक्रवारी दुपारी एका बाईंनी 2,400 रुपयांचे मसाले घेतले आणि क्रेडिट कार्ड दिलं. मशीनने विचारलं, नेटवर्कमधून प्रश्न त्यांच्या बँकेकडे गेला, दोन सेकंदांत ‘मंजूर’ आलं. या घडीला कोणाचाही रुपया हललेला नाही. बाईंच्या बँकेने फक्त तेवढी रक्कम राखून ठेवली आहे. रात्री मशीनचा हिशोब बंद होतो, ज्याला बॅच क्लोज म्हणतात. हल्ली ते बहुतेक मशीनवर आपोआप होतं, पण मशीन दिवसभर बंद किंवा बिनसिमचं राहिलं तर राहूनही जातं. बॅच गेली की पुढच्या कामाच्या दिवशी नेटवर्क बँकांबँकांमधला हिशोब मिटवतं. तुमच्या कंपनीच्या अ‍ॅक्वायरर बँकेकडे पैसे येतात ते ‘महालातल्या ताईंचे 2,400’ असे नाही. कंपनीच्या हजारो विक्रेत्यांची मिळून एक मोठी रक्कम एस्क्रो खात्यात पडते आणि सोबत एक फाईल येते. त्या फाईलमधली एक ओळ तुमची. ती ओळ वाचून, कमिशन वजा करून, तुमच्या खात्यात पैसे पाठवणं हे कंपनीचं काम. बँकेची त्या दिवशीची जबाबदारी एस्क्रोत रक्कम टाकली की संपली.

म्हणून पैसे आले नाहीत तर कार्डच्या बँकेला फोन करून काही हाती लागत नाही. माझ्याकडे येणारे अर्धे लोक आधी तिथेच भांडून आलेले असायचे. “पैसे आलेच नाही न भाऊ, बँक म्हणते आमच्याकडे तुमचं नावच नाही.” बँक खरंच बोलत असते. तिच्या खातेवहीत नाव कंपनीचं आहे.

कमिशनचा हिशोब एकदा स्वतः करून बघा, म्हणजे कंपनीचं स्टेटमेंट वाचता येईल. तुमच्या करारात क्रेडिट कार्डला 1.8 टक्के लिहिलं आहे असं धरू. 2,400 वर ते 43 रुपये 20 पैसे. त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 7 रुपये 78 पैसे. एकूण 50.98 वजा जाऊन तुमच्या खात्यात 2,349.02 येतील. तेच बिल 1,850 चं असतं तर कमिशन 33.30 आणि जीएसटी शून्य, कारण 2,000 रुपयांपर्यंतच्या कार्ड व्यवहारावरच्या या सेवेला जीएसटी माफ आहे. ही माफी आधी फक्त बँकांना की अ‍ॅग्रिगेटरांनाही, यावर घोळ होता. डिसेंबर 2024 च्या जीएसटी परिषदेत रिझर्व्ह बँकेच्या नियमाखालच्या अ‍ॅग्रिगेटरांनाही ती लागू असल्याचं स्पष्ट झालं. तुमच्या स्टेटमेंटवर 1,850 वर जीएसटी कापलेला दिसला तर विचारा.

डेबिट कार्डचं प्रकरण वेगळं आणि तुमच्या फायद्याचं आहे. 1 जानेवारी 2018 पासून, ज्यांची मागच्या वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत आहे त्यांच्याकडून डेबिट कार्डावर जास्तीत जास्त 0.40 टक्के घेता येतात, आणि एका व्यवहारावर 200 रुपयांच्या वर नाही. मशीन कोणीही लावलेलं असो, मर्यादा तीच. तुमची उलाढाल 20 लाखांच्या आतली असेल तर 1,850 वर हे होतात 7 रुपये 40 पैसे. रुपे डेबिट कार्डावर तर 2020 च्या जानेवारीपासून काहीच नाही. क्रेडिट कार्डाला अशी मर्यादा नाही, तिथे करारात लिहिलं तेच. त्यामुळे “सगळ्या कार्डांना सरसकट 1.8” असं कोणी तोंडी सांगितलं असेल तर कराराची दरांची पानं उघडून डेबिटची ओळ शोधा. आणि डेबिट कार्डवाल्या ग्राहकाकडून “मशीनचे दोन टक्के वर द्या” म्हणून मागू नका, ते चालत नाही.

गुमास्ता का मागितला नाही, यातही लबाडी नाही. महाराष्ट्रात 2017 च्या कायद्याने थोडेच कामगार असलेल्या छोट्या दुकानाला नोंदणी लागत नाही, ऑनलाईन सूचना देऊन पावती घेतली की झालं. जीएसटीचा नंबरही लहान धंद्याला नसतो, मालाच्या विक्रीला साधारण 40 लाखांपर्यंत लागत नाही. म्हणून कंपनी तुमच्याकडून पॅन, आधारसारखा एखादा ओळखीचा कागद, बँक खात्याचा नंबर आणि दुकानाचा किंवा घरातल्या कामाच्या जागेचा फोटो घेते. खाण्याचा धंदा असल्याने अन्न सुरक्षेच्या नोंदणीचा नंबर आज मागितला नसेल तरी कधीतरी मागतील, तो जवळ असू द्या.

कागद कमी असले तरी एक तपासणी मात्र फार कडक असते आणि बायकांचे धंदे तिथे हमखास अडखळतात. कंपनी तुमच्या खात्यात एक रुपया टाकून बघते. पैसे पोचतात का एवढंच तिला बघायचं नसतं, तर बँक उत्तरात खातेदाराचं जे नाव कळवते ते पॅनवरच्या नावाशी जुळतं का हे बघायचं असतं. पॅन लग्नाआधीचं, बँकेतलं खातं लग्नानंतरच्या नावाचं, आणि मशीन ‘अमुक गृह उद्योग’ या नावाने. तीन ठिकाणी तीन नावं. मशीन सुरू होतं, कार्ड मंजूर होतात, ग्राहक माल घेऊन जातो, आणि पैसे कंपनीकडे थांबतात कारण नाव जुळलेलं नाही. सक्करदऱ्याच्या एका ब्यूटी पार्लरवाल्या ताई असाच एक आठवडा गोंधळात होत्या. त्यांचं मशीन व्यवस्थित चालू होतं, म्हणून बिघाड नावात आहे हे कोणाला सुचलंच नाही. तुमच्या खात्यात कधीतरी एक रुपया आलेला असेल. आला नसेल, किंवा येऊनही अ‍ॅपमध्ये खात्यापुढे ‘पडताळणी बाकी’ दिसत असेल, तर पुढचं कार्ड घासायच्या आधी ते निस्तरा. पॅनवर नाव बदलून घेणं कायमचं सोपं, त्याला लग्नाचं प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नोंद लागते.

आता स्टेटमेंटवरच्या नावाबद्दल. नेटवर्कच्या नियमानुसार अशा व्यवहारात आधी कंपनीचं संक्षिप्त नाव, मग तारा, मग तुमचं नाव असं लिहावं लागतं. हेतू हा की ग्राहकाला माल कोणाकडून घेतला तेही कळावं आणि जामीन कोण आहे तेही. पण जागा फार थोडी असते. व्यवहाराच्या संदेशात दुकानाचं नाव, गाव आणि देश मिळून चाळीस अक्षरं, त्यातली नावाला साधारण पंचवीस. कंपनीने तीन अक्षरं आणि तारा घेतला की तुम्हाला एकवीस उरतात. तुम्ही अर्जात ‘संत्रा बर्फी व सावजी मसाले गृह उद्योग’ लिहिलं असेल तर ग्राहकाला हे दिसेल:

```
XYZ*SANTRA BARFI VA SAVJI NAGPUR
```

मसाले आणि गृह उद्योग दोन्ही कापले गेले. महिन्याभराने स्टेटमेंट बघताना ग्राहकाला हे ‘सावजी’ म्हणजे कुठलं भोजनालय वाटू शकतं, आणि तो म्हणतो मी तर तिथे जेवलोच नाही. तुमच्या पाकिटावर, पिशवीवर, बिलावर जे नाव छापलं आहे त्याची पहिली दोन-तीन अक्षरं नव्हे तर पहिले दोन शब्द स्टेटमेंटवर आले पाहिजेत. कंपनीला मेल करून डिस्प्ले नाव बदलून घ्या, त्याला बहुधा एक-दोन दिवस लागतात.

नावासोबत तुमच्यावर एक चार आकडी शिक्काही बसलेला असतो, मर्चंट कॅटेगरी कोड. किराणा 5411, शिंप्याचं काम 5697, दागिने 5944, असे. तुम्हाला खाद्यपदार्थांपैकी एखादा मिळाला असेल. हा कोड कंपनी ठरवते आणि त्यावरून बँक अंदाज बांधते की या दुकानात एका वेळी साधारण किती रुपयांचं बिल होतं, कुठल्या वेळी होतं, परतावे किती येतात. पैसे अडण्याची मुळं बहुतेक वेळा इथे असतात, म्हणून एक प्रकरण सविस्तर सांगतो. ते माझ्याच टेबलावर आलं होतं. ओळख लागू नये म्हणून बारीकसारीक बदललं आहे.

तुमच्यासारख्याच एक ताई, लोणची-पापडाचा धंदा. रोज कार्डवर दोन-तीन हजार, एक बिल पाच-सहाशेच्या घरात. रेशीमबाग मैदानावरच्या एका प्रदर्शनात त्यांनी स्टॉल घेतला. पहिल्या दिवशी गर्दी झाली, त्यांच्या स्वतःच्या मालाची एकतीस बिलं होऊन 19,600 रुपये जमले. शेजारी बाहेरगावचा साडीवाला होता. त्याचं मशीन चालेना. त्याच्या दोन ग्राहकांनी 14,500 आणि 9,800 च्या साड्या घेतल्या होत्या, रोकड नव्हती. तो म्हणाला, “ताई, तुमच्या मशीनवर घासू द्या, तुमच्या खात्यात आले की मला द्या.” ताईंनी माणुसकीने घासू दिलं. एवढंच नाही, त्याला परगावी जायचं म्हणून आपल्या गल्ल्यातले रोख 24,300 त्याच रात्री देऊन टाकले.

रात्री बॅच गेली 43,900 ची. कंपनीच्या संगणकाला दिसलं काय? पाच-सहाशेची बिलं करणाऱ्या लोणच्याच्या दुकानात नेहमीच्या पंधरापट उलाढाल, त्यात साडेचौदा हजारांचं एक बिल. सकाळी पैसे होल्डवर. पूर्ण बॅच, त्यांची स्वतःची 19,600 धरून. ताईंनी फोन केला, रडल्या, मग रागावल्या, आणि शेवटी खरं सांगितलं. तिथे माझ्या लक्षात आलं की नियम त्यांना कोणी कधी समजावलाच नव्हता. मशीन देणाऱ्या पोराने महिन्याचं टार्गेट पूर्ण केलं होतं, बस.

दुसऱ्याचा माल आपल्या मशीनवर घासणं हा या धंद्यातला सगळ्यात मोठा गुन्हा मानला जातो, आणि त्याचं कारण जामिनकीत आहे. कंपनी तुम्हाला पारखून तुमच्यासाठी उभी आहे. साडीवाल्याला तिने पाहिलेलंही नाही. तुम्ही त्याला आत घेतलं म्हणजे न विचारता जामिनावर आणखी एक माणूस चढवला. आणि ज्यांना कोणी मशीन देत नाही असे जुगारवाले, फसवणूक करणारे नेमके याच वाटेने येतात, शेजारच्या दुकानदाराच्या माणुसकीतून. संगणकाला ताई आणि ते लोक यांत फरक करता येत नाही.

पुढे काय झालं ते ऐका. ताईंनी एकतीस बिलांच्या कार्बन प्रती पाठवल्या. दोन दिवसांत 19,600 कमिशन वजा जाऊन सुटले. साड्यांचे 24,300 मात्र थांबवून ठेवले, कारण तो माल त्यांचा नव्हता आणि बिलही नव्हतं. पाच आठवड्यांनी 14,500 वाल्या बाईंनी आपल्या बँकेत तक्रार टाकली, साडीचा रंग पहिल्या धुण्यात गेला, विकणारा सापडत नाही. याला चार्जबॅक म्हणतात. ताईंचा पहिला प्रश्न होता, “त्यांनी स्वतः पिन टाकला होता ना?” हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक दुकानदार विचारतो. पिन टाकला असेल तर ‘हा व्यवहार मी केलाच नाही’ असं ग्राहकाला म्हणता येत नाही. ‘माल सांगितला तसा नव्हता’ किंवा ‘माल मिळालाच नाही’ असं मात्र पिन टाकूनही म्हणता येतं. त्या तक्रारीला उत्तर बिल, मालाचं वर्णन आणि परताव्याची अट यांनीच देता येतं. ताईंकडे साडीचं बिल कुठून येणार? त्यांनी दिलेल्या पावतीवर लोणच्याचं चित्र होतं.

पैसा उलट्या वाटेने कसा गेला ते बघा. ग्राहकाच्या बँकेने नेटवर्कमार्फत अ‍ॅक्वायररकडून 14,500 खेचले. अ‍ॅक्वायररने कोणाला न विचारता ते कंपनीच्या खात्यावर टाकले, कारण करारात जामीन कंपनी आहे. कंपनीने ते ताईंच्या थांबवलेल्या रकमेतून वळते केले आणि वर करारातली चार्जबॅकची फी लावली. अशी तक्रार करायला ग्राहकाला साधारण 120 दिवस मिळतात, म्हणून उरलेले 9,800 तेवढे दिवस अडकून राहिले आणि मग सुटले. ताईंनी मात्र साडीवाल्याला रोख 24,300 आधीच दिले होते. 14,500, फी आणि कमिशन त्यांच्या पदरचं गेलं. साडीवाल्याचा फोन लागत नव्हता. मशीन चालू राहिलं, कारण ताईंचा आधीचा रेकॉर्ड स्वच्छ होता आणि मी तसं लिहून दिलं. दुसऱ्या कुठल्या टेबलावर ते बंद झालं असतं, आणि एका कंपनीने या कारणासाठी बंद केलं की बाकीच्यांकडे मिळणंही अवघड होतं.

कंपनीच्या बाजूनेही चुका होतात, त्या झाकणार नाही. मी जिथे होतो तिथे होल्डचं कारण कळवणारा मेसेज ‘तुमचे सेटलमेंट प्रक्रियेत आहे’ एवढाच असायचा, आणि ग्राहक सेवेतल्या मुलांनाही खरं कारण दिसायचं नाही. तीन-तीन दिवस माणूस फोन करत राहायचा. म्हणून पैसे आले नाहीत तर या क्रमाने विचारा. आधी मशीनच्या किंवा अ‍ॅपच्या रिपोर्टमध्ये बघा की व्यवहार ‘मंजूर’ आहे आणि त्या दिवसाची बॅच गेली आहे. मग कंपनीला एकच गोष्ट मागा, त्या दिवसाच्या सेटलमेंटचा यूटीआर नंबर, म्हणजे बँकेतून पैसे पाठवल्याचा ओळख क्रमांक. नंबर दिला तर पैसे एस्क्रोतून निघाले आहेत, तो घेऊन आपल्या बँकेत जा, अडचण तिथे आहे. नंबर देता आला नाही तर पैसे कंपनीकडेच होल्डवर आहेत, आणि मग फोन सोडून लेखी मेल करा, ‘होल्डचं कारण आणि लागणारे कागद कळवा’. तेही हललं नाही तर कंपनीच्या वेबसाईटवर तक्रार निवारणासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याचा पत्ता द्यावाच लागतो, त्याला तीच मेल पाठवा.

करारात तीन कलमं तेवढी वाचा, बाकीचं वकिली भरताड आहे. एक, पैसे किती दिवस आणि कुठल्या कारणाने थांबवता येतात. दुसरं, प्रत्येक सेटलमेंटमधून काही टक्के अनामत म्हणून बाजूला ठेवण्याचा हक्क कंपनीने घेतला आहे का, आणि ती परत कधी मिळते. तिसरं, तुम्ही मशीन परत केल्यावरही किती दिवस चार्जबॅक वसूल करता येतात. हे तिसरं लोक विसरतात. मशीन परत केलं म्हणजे हिशोब मिटला असं नसतं, शेवटच्या विक्रीनंतरही ती 120 दिवसांची शेपटी राहते.

धंदा वाढला तर ही सोय कायम परवडेलच असं नाही. नेटवर्कच्याच नियमांत उप-व्यापाऱ्याला उलाढालीची मर्यादा ठेवलेली आहे, ती ओलांडली की अ‍ॅक्वायरर बँकेशी थेट करार करावा लागतो. व्हिसाची ही मर्यादा आधी वर्षाला एक लाख डॉलर होती, मग दहा लाख डॉलर झाली. महालातल्या घरगुती धंद्याला तिची चिंता नको. तुमचा खरा टप्पा त्याच्या फार आधी येतो. महिन्याला कार्डवर दोन-अडीच लाख व्हायला लागले की बँकेला तुम्ही परवडायला लागता, आणि तिच्याशी क्रेडिट कार्डाच्या दरावर घासाघीस करता येते. अडीच लाखांवर पाव टक्का म्हणजे महिन्याला सव्वासहाशे रुपये. मशीनचं भाडं त्यातून वजा करून बघा, उरलं तर जा.

आणि पुढचं प्रदर्शन असेल तर आठवडाभर आधी कंपनीला चार ओळींची मेल टाका. अमुक तारखांना रेशीमबागेत स्टॉल आहे, रोज साधारण इतक्या हजारांची विक्री होईल, सगळा माल माझाच आहे, आणि स्टॉलच्या बुकिंगची पावती सोबत जोडा. होल्ड लागला तरी तो सोडवणाऱ्याच्या हातात कागद आधीच असतो. आणि शेजारच्याचं मशीन बंद पडलं तर त्याला त्याच्या यूपीआयचा क्यूआर लावायला सांगा, साडीवाल्याच्या फोनमध्ये तो त्या दिवशीही होता.